कोलेस्टेरॉलची गोळी आणि माझ्या मांड्या: दहा महिन्यांचा अनुभव

वय ५८, वजन ४९ किलो, नऊ वर्षांपासून मधुमेह. वडिलांना बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आलेला. गेल्या वर्षी माझं एलडीएल १७२ आलं, तेव्हा डॉक्टरांनी अॅटोर्वास्टॅटिन ४० मिलिग्रॅम रात्री एक, अशी गोळी सुरू केली. ती देण्यात काही चूक नव्हती, आणि या गोळीविरुद्ध प्रचार करायला मी हे लिहीत नाही. आजही मी त्याच जातीची गोळी घेते. मधल्या काळात काय झालं आणि दुखणं गोळीचंच आहे हे कसं ठरलं, ते सांगायचं आहे.

पहिले तीन आठवडे काही जाणवलं नाही. चौथ्या आठवड्यात दोन्ही मांड्या भरून येऊ लागल्या, दिवसभर उभं राहून लग्नघरचं काम केल्यावर येतात तशा. काम मात्र रोजचंच होतं. मग दंडही दुखू लागले. खरी भीती वाटली ती देवघरासमोरून उठताना. पूजा झाल्यावर मी कशालाही न धरता उठायचे. आता एक हात जमिनीवर आणि दुसरा कपाटावर टेकावा लागायचा. वरच्या फळीवरचा डबा काढताना हात थरथरायचे. उजवी टाच त्याच्या आधीपासूनच दुखत होती. माझ्या डोक्यात ही सगळी एकच तक्रार झाली होती.

जवळच्या दवाखान्यात सांगितलं, तर "वय झालं, कॅल्शियम घ्या" एवढंच उत्तर मिळालं. कॅल्शियम महिनाभर घेतलं. फरक शून्य. गोळीचा संशय मला तेव्हा आलाच नव्हता, कारण कोलेस्टेरॉलच्या गोळीचा मांड्यांशी काही संबंध असेल हेच माहीत नव्हतं. हे मुद्दाम सांगते, पुढे त्याचा उपयोग झाला.

मधुमेहाच्या तपासणीला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, हे नक्की कधी सुरू झालं?" मला सांगता येईना. सुनेने फोनमधले मेसेज काढले. 'आई, मांड्या दुखतायत म्हणून आज चालायला येत नाही' हा पहिला मेसेज गोळी सुरू केल्यापासून २६व्या दिवसाचा होता. या गोळ्यांचा स्नायूंवर होणारा त्रास बहुतेक वेळा सुरुवातीच्या महिना-दीड महिन्यात किंवा डोस वाढवल्यावर दिसतो, असं त्यांनी समजावलं. दुसरी खूण जागेची. हा त्रास दोन्ही बाजूंना सारखा आणि मोठ्या स्नायूंत होतो, म्हणजे मांड्या, कुल्ले, पोटऱ्या, खांदे. एकाच बाजूची टाच किंवा एकच गुडघा दुखत असेल, तर कारण बहुधा दुसरंच असतं. त्यामुळे माझी टाच त्यांनी त्याच दिवशी या हिशेबातून बाजूला काढली.

मग त्यांनी मला हातांची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. तिसऱ्या वेळी मी मागे बसले. दुखतं म्हणून उठणं टाळणं वेगळं आणि ताकदच कमी पडणं वेगळं, हा फरक मला तिथे कळला. अशक्तपणा असेल तर तो जास्त गंभीरपणे घ्यायचा.

तपासण्या तीन झाल्या. थायरॉइड आधी बघितलं, कारण थायरॉइड मंद असेल तर त्यानेही स्नायू दुखतात, शिवाय कोलेस्टेरॉल वाढतं आणि या गोळ्यांचा त्रास होण्याची शक्यताही वाढते. माझं टीएसएच नॉर्मल होतं. ड जीवनसत्त्व थोडं कमी होतं. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, ४८६ आला. त्या लॅबची वरची मर्यादा १७० होती. पण आदल्या दिवशी मी दिवाळीसाठी माळा साफ केला होता, आणि जास्त अंगमेहनतीनेही हा आकडा चढतो. म्हणून चार दिवस जड काम न करता पुन्हा रक्त दिलं, तेव्हा ४५५. मर्यादेच्या दहापट आकडा गेला किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोळी लगेच थांबवून हॉस्पिटल गाठायचं, असं बजावलं होतं. माझं त्या पातळीला गेलं नव्हतं. दुसरी औषधंही त्यांनी विचारली. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स आणि काही बुरशीवरच्या गोळ्या अॅटोर्वास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. मी तसलं काही घेतलं नव्हतं.

यानंतर त्यांनी स्वतः गोळी चार आठवडे थांबवली. मला हार्ट अटॅक किंवा स्टेंट झालेला नव्हता म्हणून हे करता आलं. ज्यांना झालंय त्यांनी मनाने गोळी बंद करणं धोक्याचं आहे. रोज रात्री शून्य ते दहा असा दुखण्याचा आकडा वहीत लिहायचा होता. सुरुवातीला सहा-सात. दहाव्या दिवशी चार. सतराव्या दिवशी एक, आणि त्या सकाळी मी कपाट न धरता उठले. टाच मात्र पहिल्या दिवसाइतकीच दुखत होती. सीपीके १२८ झालं. एलडीएल पुन्हा १६५.

एवढ्यावर मी गोळीला दोषी ठरवून मोकळी झाले होते. डॉक्टर नव्हते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधला २०२० सालचा एक प्रयोग त्यांनी सांगितला. त्रास होतो म्हणून अशी गोळी सोडलेल्या ६० जणांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं. खऱ्या गोळीने जेवढा त्रास वाढला, त्यातला ९० टक्के खोट्या गोळीनेही झाला. ती माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच दुखत होतं. पण त्या दुखण्याचा बहुतेक भाग गोळी घेण्याच्या धास्तीतून आला होता. माझ्या बाबतीत मला माहिती नसतानाच त्रास सुरू झाला होता आणि सीपीकेही बोलत होतं, म्हणून त्यांचा कल गोळीकडे होता. तरीही पुन्हा घेऊन बघायचं ठरलं, या वेळी तीच गोळी १० मिलिग्रॅम.

विसाव्या दिवशी मांड्या परत भरून आल्या. वहीत पाच. सीपीके ३१०. सुरू केल्यावर येणं, थांबवल्यावर जाणं, पुन्हा दिल्यावर परत येणं, या तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा त्यांनी केस पेपरवर औषधाचं नाव लाल शाईने लिहिलं. दुष्परिणामाची नोंद सरकारी औषध-सुरक्षा कार्यक्रमाकडेही पाठवली. रुग्णाला स्वतःही ही तक्रार देता येते, टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४.

तीन आठवडे मोकळे सोडून रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम सुरू झाली. पहिला महिना मी रोज सकाळी भीत भीत मांड्या दाबून बघत होते. वहीत शून्य आणि एकच्या वर आकडा गेला नाही. एलडीएल १०४ पर्यंत उतरलं. ते अजून खाली हवं म्हणून एझेटिमाइब जोडली, आता ८३ आहे. एका गोळीने त्रास झाला म्हणजे त्या जातीच्या सगळ्याच होतील असं नसतं, हे मला पाच महिने स्वतः बघायला मिळालं.

वही अजून चालू आहे, आता आठवड्यातून एकदाच लिहिते. देवघरासमोरून हात न टेकता उठते. टाचेसाठी वेगळ्या डॉक्टरांकडे जाते. तळव्याच्या पट्ट्याला सूज आहे म्हणाले, आणि त्याचे व्यायाम सुरू केले आहेत.