आईच्या रिपोर्टची एकच शीट: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आईच्या किडनीच्या तपासण्या वर्षभरात तीन ठिकाणी झाल्या. आधी पुण्यात, मग गावाकडच्या लॅबमध्ये आणि नंतर ती ताईकडे लंडनला असताना तिथे. डॉक्टरांना सगळे आकडे एका नजरेत दिसावेत म्हणून मी शीट केली. आज ती आठ महिने वापरतोय.

पहिली चूक युरियाच्या रांगेत झाली. पुण्याचा आकडा होता ४५, गावचा २१. दोन्हीकडे एकक तेच, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. युरिया निम्म्यावर आला म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण क्रिएटिनिन १.४ वरून हललं नव्हतं. एवढा फरक पडला तर तेही थोडं खाली यायला हवं होतं, म्हणून गावचा रिपोर्ट पुन्हा काढला. तिथे चाचणीचं नाव ‘बीयूएन’ होतं, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. युरियाचं रेणुभार ६०, त्यात नायट्रोजन २८, म्हणून २.१४ ने गुणायचं: २१ चे झाले ४५. लंडनचा आकडा होता ७.५ मिलिमोल प्रति लिटर. त्याला ६ ने गुणलं तर तेही ४५! आईचा युरिया वर्षभर जागचा हललाच नव्हता.

तेव्हापासून रिपोर्टवरचा मूळ आकडा (C), चाचणीचं नाव (D) आणि एकक (E) जसंच्या तसं भरतो, आणि बदललेला आकडा वेगळ्या रकान्यात काढतो:

```
=IF(E2="mmol/L",C2*6.006,IF(D2="BUN",C2*2.14,C2))
```

मूळ आकडा पुसायचा नाही, हे मी कटाक्षाने पाळतो. टायपिंगची चूक नंतर त्याच्यावरूनच पकडता येते. नाव अर्धवट छापलेलं असेल तर शेजारची संदर्भ मर्यादा बघतो. ती ७ ते २० च्या आसपास असेल तर बीयूएन, १५ ते ४० च्या आसपास असेल तर युरिया.

या मर्यादांनीच मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. पुण्याची वरची मर्यादा ४०, गावची २०, म्हणजे युरियात ४३. लंडनची ७.८, म्हणजे ४७. त्यामुळे तोच ४५ दोन ठिकाणी वाढलेला आणि लंडनला नॉर्मल! सुरुवातीला मी सगळ्यांना पुण्याचीच मर्यादा लावली होती, ते चुकलं. मर्यादा त्या लॅबच्या पद्धतीवर आणि मर्यादा ठरवायला तिने निवडलेल्या निरोगी लोकांवर ठरते. आता प्रत्येक रांगेत त्या त्या लॅबची मर्यादा त्याच गुणकाने बदलून ठेवतो, आणि लाल खूण तिच्यावरूनच पडते. आलेख मात्र बदललेल्या आकड्यांचाच काढतो.

अल्कलाइन फॉस्फटेजसारख्या एन्झाइमना हा उपाय चालत नाही. एकक सारखं असूनही पद्धत वेगळी असली तर आकडे जुळत नाहीत, आणि त्यासाठी सरळ गुणकही नसतो. ती रांग मी लॅबनुसार वेगळी ठेवली आहे, तिच्यातून एक रेघ ओढत नाही.