‘मॅजिक माउंटन’चा सारांश: घटनांचा की वादांचा?

थॉमस मान यांची ही 1924 ची कादंबरी घटनाक्रमाने सांगायची तर चार ओळी पुरतात. हान्स कास्टॉर्प आजारी मावसभावाला भेटायला तीन आठवड्यांसाठी दावोसच्या आरोग्यधामात जातो आणि सात वर्षं तिथेच राहतो. पुढे दोन विद्वानांचं पिस्तुलांनी द्वंद्व होतं, मग महायुद्ध येतं. यात चूक काहीच नाही, पण ते द्वंद्व आभाळातून पडल्यासारखं वाटतं. सारांश फसल्याची खूण हीच.

दुसरा मार्ग वादांचा. त्या दोन विद्वानांपैकी सेतेम्ब्रिनी विवेक आणि प्रगतीच्या बाजूचा. नाफ्ता जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघातला; त्याला श्रद्धेसाठी दहशतही मान्य. दोघांची ओढाताण हान्सच्या मनासाठी आहे, हे सांगितलं की पिस्तुलांपर्यंतची वाट दिसते. सेतेम्ब्रिनी हवेत गोळी झाडतो, नाफ्ता स्वतःवर. म्हणजे ही घटनाही वादातलंच एक उत्तर.

मी हा वादांचाच मार्ग धरेन. मात्र त्यात मतांचे दोन रकाने करण्याचा मोह होतो (परीक्षेच्या उत्तरात शोभतील असे!). नाफ्ता स्वतःलाच छेद देत बोलतो. रकान्यात ते हरवतं. हिमवादळात हान्सला सुचतं की प्रेमासाठी माणसाने मृत्यूला आपल्या विचारांवर राज्य करू देऊ नये. हा कादंबरीचा निष्कर्ष म्हणून लिहिला तर घोटाळा होतो, कारण त्याच संध्याकाळी ते त्याच्या मनातून विरायला लागतं. ते विरणं सारांशात यायलाच हवं.