मायक्रोवेव्हच्या पुस्तिकेतले इशारे: वरवरची सफाई, पूर्ण संपादन की नव्याने लेखन?

मायक्रोवेव्ह ओव्हनची इंग्रजी पुस्तिका मशीनने मराठीत आणली आहे. फाइल तुमच्यापुढे आहे आणि ग्राहक विचारतोय, "मराठी तर झालंच आहे, नुसती एक नजर टाकून द्याल का?" हो म्हणण्याआधी ठरवायला हवं की काम कुठल्या वाटेने करायचं. वाटा तीन आहेत. एक, इंग्रजी न उघडता मराठी वाचत जायचं आणि खटकेल ते सुधारायचं. दोन, इंग्रजी शेजारी ठेवून वाक्यागणिक ताडून पाहायचं. तीन, बाकी पुस्तिका मशीनची ठेवून सुरक्षेचे इशारे तेवढे वेगळे काढायचे आणि मूळ वाचून ते कोऱ्या पानावर लिहायचे. मशीन भाषांतराच्या संपादनासाठी 2017 साली आयएसओ 18587 हे मानक आलं. त्याच्या अटी दुसऱ्या वाटेच्या, म्हणजे पूर्ण संपादनाच्या आहेत. तिन्ही वाटांनी काम केल्यावर माझं मत ठाम झालं आहे, पण आधी तेच इशारे तिन्हीकडून नेऊन पाहू.

सुरुवात अंड्यांपासून करतो, कारण पहिल्या वाटेचा धोका तिथे लगेच दिसतो. मूळ इशारा सांगतो की टरफलासकट अंडी आणि अख्खी उकडलेली अंडी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नयेत, कारण गरम करणं थांबल्यानंतरसुद्धा ती फुटू शकतात. मशीनचं मराठी साधारण असं येतं:

"त्यांच्या कवचातील अंडी आणि संपूर्ण कडक-उकडलेली अंडी मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये गरम केली जाऊ नयेत कारण ती मायक्रोवेव्ह हीटिंग संपल्यानंतरही स्फोट करू शकतात."

वाक्य अवघडलेलं आहे, पण अर्थ पूर्ण आहे. आता इंग्रजी न बघता सफाई करणारा यातला अवघडलेपणा काढतो:

"टरफलासकट उकडलेली अंडी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, ती फुटू शकतात."

वाचायला छान झालं. मात्र दोन मनाया होत्या, त्यांची एकच झाली. टरफलातलं कच्चं अंडं सुटलं आणि सोललेलं उकडलेलं अंडंही सुटलं. सकाळचं उकडलेलं अंडं सोलून दुपारी गरम करणाऱ्याला या वाक्याने परवानगीच दिली. शिवाय 'संपल्यानंतरही' गेलं, आणि इशाऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. अंडं ओव्हनमध्ये फुटलं तर ओव्हन घाण होतो, बाहेर काढून चमचा लावताना फुटलं तर तोंड आणि डोळे भाजतात.

इथे दुसरी वाट पुरेशी ठरते. इंग्रजी शेजारी असेल तर 'आणि'च्या दोन्ही बाजू दिसतात आणि वाक्य असं होतं: "टरफलासकट अंडी आणि अख्खी उकडलेली अंडी (सोललेली असली तरी) मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. गरम करणे संपल्यावरही ती फुटू शकतात." नव्याने लिहायला बसलो असतो तरी याहून फार वेगळं काही हाती लागलं नसतं.

दुसरा इशारा पेयांचा आहे आणि तो जास्त अवघड आहे. इंग्रजीत त्याला 'डिलेड इरप्टिव्ह बॉइलिंग' म्हणतात. कपातलं पाणी मायक्रोवेव्हमध्ये कधी कधी शंभर अंशांच्या वर तापतं, तरी उकळत नाही. बुडबुडे सुरू व्हायला कुठेतरी खरखरीत जागा किंवा हवेचा कण लागतो, आणि गुळगुळीत कपात तो मिळत नाही. पाणी शांत दिसतं. मग कप उचलताना धक्का लागतो किंवा कॉफीची पूड पडते, आणि सगळं पाणी एका क्षणात उसळून बाहेर येतं. आता वाक्यं पाहा.

मशीन: "पेयांच्या मायक्रोवेव्ह हीटिंगमुळे विलंबित उद्रेकी उकळणे होऊ शकते, म्हणून कंटेनर हाताळताना काळजी घेणे आवश्यक आहे."

पहिली वाट: "मायक्रोवेव्हमध्ये पेय गरम केल्यास ते नंतर उतू जाऊ शकते, म्हणून भांडे जपून हाताळा."

दुसरी वाट: "मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेले पेय काही वेळाने अचानक जोरात उकळू शकते, म्हणून भांडे हाताळताना काळजी घ्या."

'उतू जाणे' अस्सल मराठी आहे, आणि म्हणूनच ते इथे घातक आहे. उतू जातं ते दूध, आणि ते गेलं की आपण ओटा पुसतो. त्या शब्दाने वाचकाच्या डोळ्यांसमोर सांडलेलं दूध येतं, चेहऱ्यावर आलेलं उकळतं पाणी येत नाही. मशीनचं 'विलंबित उद्रेकी उकळणे' कुणालाच कळत नाही, पण निदान ते खोटा दिलासा देत नाही. दुसऱ्या वाटेचं वाक्य चुकीचं नाही, तरी ते वाचणाऱ्याला काय करायचं ते उमगत नाही. काही वेळाने म्हणजे कधी? कपाटावर ठेवल्यावर? आणि काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

अशा जागी मी तिसरी वाट धरतो:

"मायक्रोवेव्हमध्ये पाणी, चहा किंवा दुसरे पेय गरम केल्यावर उकळी दिसली नाही तरी ते उकळत्या पाण्याहून जास्त तापलेले असू शकते. कप हलवताच किंवा त्यात चमचा, साखर, कॉफी घालताच ते एकदम उसळून अंगावर येऊ शकते आणि भाजू शकते. ओव्हन बंद झाल्यावर किमान 20 सेकंद थांबा, मगच कप बाहेर काढा."

यातला 20 सेकंदांचा आकडा माझ्या पदरचा नाही, त्याच पुस्तिकेत पुढे स्वयंपाकाच्या प्रकरणात तो दिलेला होता. तिसऱ्या वाटेची जबाबदारी इथेच सुरू होते. कोऱ्या पानावर लिहिणारा माणूस नकळत भर घालतो किंवा काहीतरी वगळतो. म्हणून लिहून झाल्यावर मूळ इंग्रजीशी ताडणं या वाटेत सुटत नाही, उलट जास्त काटेकोर करावं लागतं. मी कागदावर पाच प्रश्न मांडतो: धोका कशाचा, तो कधी, त्याने काय होईल, काय करायचं किंवा टाळायचं, आणि कुणी. मूळ वाक्याची उत्तरं एका बाजूला, माझ्या वाक्याची दुसऱ्या बाजूला. माझ्या बाजूला एखादं उत्तर जास्त असेल तर ते पुस्तिकेत दुसरीकडे सापडलं पाहिजे, नाहीतर कंपनीच्या तांत्रिक माणसाकडून लेखी होकार आला पाहिजे. तोवर ते वाक्य छापायला जात नाही.

इतकी मोकळीक घ्यायची मुभा आहे का, असा प्रश्न रास्त आहे. घरगुती उपकरणांच्या आयईसी 60335 या मानकमालिकेत पुस्तिकेत काय असावं ते सांगताना 'पुढील मजकुराचा आशय' असावा अशी भाषा आहे. म्हणजे शब्द हलू शकतात, आशय हलू शकत नाही. मात्र ज्या इशाऱ्याच्या डोक्यावर 'वॉर्निंग' आहे, तिथला तो शब्द काढायचा नाही.

त्या शब्दाचंही पाहू. इंग्रजी पुस्तिकांत डेंजर, वॉर्निंग आणि कॉशन या तीन पायऱ्या असतात. टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होईलच, ती पहिली. होऊ शकते, ती दुसरी. किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते, ती तिसरी. नुसत्या वस्तूच्या नुकसानीसाठी नोटिस हा वेगळा शब्द आहे. मशीन एकाच फाइलमध्ये वॉर्निंगला कुठे 'चेतावणी', कुठे 'सावधान', कुठे 'खबरदारी' म्हणतं, आणि पायऱ्या पुसल्या जातात. 'चेतावणी' मला मुळातच नको वाटते. ती हिंदीतून आली आहे आणि मराठीत चेतवणं म्हणजे पेटवणं. मी धोका, इशारा, खबरदारी आणि सूचना असे चार शब्द पहिल्याच दिवशी ठरवून घेतो आणि शेवटी फाइलभर शोधून पाहतो. हे काम कुठल्याही वाटेत करावंच लागतं.

आता असे शब्द, ज्यांच्यापुढे दुसरी वाटही अपुरी पडते. हवाबंद भांड्यात पातळ किंवा इतर पदार्थ गरम करू नका, कारण भांडं फुटू शकतं, असा एक इशारा असतो. मशीनने 'सीलबंद कंटेनर' लिहिलं होतं. शब्दकोशात ते बरोबर, ताडून पाहतानाही बरोबर, म्हणून मी तसंच ठेवलं होतं. संध्याकाळी आईला वाचून दाखवलं आणि विचारलं, "मग तू काय नाही ठेवणार आत?" ती म्हणाली, "दुकानातनं आणलेली बंद बाटली." मी ओट्यावरचा चार बाजूंनी क्लिपा लागणारा प्लास्टिकचा डबा दाखवला. "हा? हा कुठला सीलबंद, रोज उघडते मी." मराठीत सीलबंद म्हणजे कारखान्यातून बंद होऊन आलेलं, आणि फुटणार होता तो नेमका आमटीचा डबा. वाक्य बदललं: "घट्ट झाकण किंवा क्लिपा लावलेल्या डब्यात, बूच लावलेल्या बाटलीत पातळ किंवा इतर पदार्थ गरम करू नका, डबा फुटू शकतो."

'सक्षम व्यक्ती'चंही तसंच. दार किंवा दाराचं सील खराब झालं तर अशा व्यक्तीने दुरुस्त करेपर्यंत ओव्हन वापरू नका, असं मूळ सांगतं. आपल्याकडे फ्यूज बदलणारा शेजारीही सक्षमच असतो. "या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाकडून" असं म्हटलं की तो शेजारी बाजूला होतो. फक्त "आमच्याच सेवा केंद्रातून" अशी अट मी घालत नाही, कारण मुळात ती नाही.

वेळेचं गणित माझ्या हाताचं सांगतो. चाळीसेक पानांच्या पुस्तिकेची वरवरची सफाई अर्ध्या दिवसात होते. पूर्ण संपादनाला दोन दिवस लागतात. दुसऱ्या वाटेने गेल्यावर नव्याने लिहावे लागणारे इशारे साधारण आठ-दहा उरतात, त्यांना ताडण्यासकट आणखी अर्धा दिवस. म्हणून माझी निवड मिश्र आहे. पदार्थांच्या पाककृती, बटणांची वर्णनं आणि हमीपत्र दुसऱ्या वाटेने. इशारेही आधी दुसऱ्या वाटेने, आणि त्यात वाचून काय करायचं ते न कळणारे तेवढे तिसऱ्या वाटेने. ग्राहकाकडे अर्ध्याच दिवसाचे पैसे असतील तर मी तो अर्धा दिवस फक्त इशाऱ्यांवर, इंग्रजी समोर ठेवून घालवतो. पाककृतीत 'मध्यम आचेवर शिजवले जावे' असं राहिलं तरी चालेल. पहिली वाट मी इशाऱ्यांसाठी घेत नाही, कारण ती खटकणाऱ्या चुका पकडते आणि अंड्यांसारखी चूक खटकतच नाही.

ज्यांना इंग्रजी जेमतेम येतं आणि तरी हे काम अंगावर आलं आहे, त्यांनी इशारे इंग्रजी जाणणाऱ्या दुसऱ्या संपादकाकडे द्यावेत आणि बाकीचं स्वतः करावं. काम परत आल्यावर घरातल्या मायक्रोवेव्ह वापरणाऱ्या माणसाला एकेक इशारा वाचून दाखवावा. "समजलं का?" असं विचारू नये, त्याला सगळे हो म्हणतात. "मग आता काय करशील?" असं विचारावं आणि उत्तर शब्दशः लिहून घ्यावं.