स्वस्त हप्ता की पूर्ण दावा?

मित्र वडिलांसाठी आरोग्य विम्याच्या दोन पॉलिसींत अडकलाय. दोन्हींत कव्हर 5 लाख. हप्ता पहिलीचा 18 हजार, दुसरीचा 24.

पहिलीत 20 टक्के को-पेमेंट आहे. 3 लाखांचा दावा मंजूर झाला तरी 60 हजार खिशातून, म्हणजे दहा वर्षांची बचत एका फटक्यात गेली. शिवाय खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5 हजार. 10 हजारांची खोली घेतली, तर भाड्याबरोबर डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही सहसा निम्माच धरतात. ही मेख पुष्कळांना बिल हातात आल्यावर कळते! दुसरीत या अटी नाहीत.

जुन्या मधुमेहाचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्यासाठी दावा मिळत नाही तो काळ, मात्र पहिलीत 2 वर्षं, दुसरीत 3.

साठ-सत्तर हजार बाजूला ठेवता येत असतील, साधी खोली चालत असेल, तर पहिली. मोठ्या बिलाची धास्ती असेल, तर दुसरी.