कानात घालायचे बायनॉरल माइक: काही महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्यात ही जोडी घेतली. दिसायला साधे इअरफोन, पण दोन्ही बाजूंना बारीक माइक आहेत आणि ते कानाच्या छिद्राच्या तोंडाशीच बसतात. वायर रेकॉर्डरला जोडायची, बस्स. आत कसलीही जादू नाही. तुमच्या कानांपर्यंत जे पोचतं तेच टिपलं जातं, आणि हेडफोन लावल्यावर डाव्याचं डाव्या कानात, उजव्याचं उजव्या कानात परत मिळतं. डाव्या-उजव्याच्या बाबतीत ही जोडी अफलातून आहे. समोर-मागच्या बाबतीत मात्र खरेदीआधी थोडं समजून घ्यायला हवं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी वेळेचं बघू. शिवाजी पेठेत झांजपथकाच्या सरावाला गेलो होतो. वाजवायला सुरुवात होण्याआधी बरोबर डाव्या हाताला, चार-पाच पावलांवर उभ्या पोराला एक कडक टाळी वाजवायला सांगितली. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. डोक्याला वळसा घालून उजव्या कानात पोचायला त्याला सुमारे 0.65 मिलिसेकंद जास्त लागतात. रेकॉर्डिंग सेकंदाला 48,000 नमुन्यांवर होतं, म्हणजे फरक 31 नमुन्यांचा यायला हवा. घरी ऑडॅसिटीत टाळीची सुरुवात मोठी करून पाहिली, तर उजवा ट्रॅक तीसच्या आसपासच मागे होता. हाच पोरगा समोरून 30 अंश डावीकडे उभा असता तर फरक बारा-तेरा नमुन्यांवर आला असता. एवढ्याशा उशिरावरून मेंदू दिशा ठरवतो.

मग सराव सुरू झाला आणि दुसरी गोष्ट दिसली. ढोलाचा खालचा घुमारा 100 हर्ट्झच्या आसपास धरला, तर त्याची एक लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. एवढ्या लहरीला माणसाचं डोकं अडवतच नाही. म्हणून डावीकडच्या ढोलाचा फक्त खालचा पट्टा फिल्टरने वेगळा काढला, तेव्हा दोन्ही ट्रॅकचे पातळी दाखवणारे काटे जवळपास सारखे हलत होते. तरीही हेडफोनवर ढोल डावीकडेच ऐकू येत होता, कारण वेळेचा फरक शाबूत होता. झांजेचं उलटं आहे. तिचा झणत्कार काही हजार हर्ट्झमध्ये, लहर जेमतेम काही सेंटिमीटरची. डोक्याची सावली तिच्यावर चांगलीच पडते आणि लांबच्या कानात ती 15 ते 20 डेसिबलपर्यंत कमी होऊ शकते. खालच्या सुरांना वेळ आणि वरच्या सुरांना पातळी, ही विभागणी लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्ये मांडली. साधारण 1,500 हर्ट्झच्या आसपास एकाकडून दुसऱ्याकडे काम जातं.

आता गोची. अगदी समोरचा आणि अगदी मागचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी, एकाच पातळीने पोचतो. तिथे वेळही उपयोगी नाही, पातळीही नाही. निवाडा करते ती कानाची पाळी. तिच्या घड्यांवरून परतलेला आवाज सरळ आलेल्या आवाजात मिसळतो आणि वरच्या पट्ट्यात, बऱ्याचदा 6 ते 10 किलोहर्ट्झच्या दरम्यान, काही सूर दबतात. कुठले दबतात ते दिशेनुसार बदलतं, आणि प्रत्येकाच्या कानाच्या आकारानुसारही.

रंकाळ्यावर भेळवाल्याला समोर ठेवून मी रेकॉर्डिंग केलं. मला ते बहुतेक वेळा समोरच ऐकू येतं. मित्राला हेडफोन दिला तर तो लगेच म्हणाला, "अरं, ह्यो तर माझ्या मागनं ओरडतोय की!" मग त्याच जागी माइक त्याच्या कानात घातले. आता त्याला भेळवाला समोर आणि मला डोक्याच्या मागे, जरासा वर. डावं-उजवं मात्र दोघांनाही दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये तंतोतंत जुळलं. डोक्यांच्या मापात फार फरक नसतो, पाळीच्या घड्यांत असतो.

प्रत्यक्षात अशी शंका आली की आपण नकळत मान वळवतो. मान डावीकडे वळवली की समोरचा आवाज उजव्या कानाच्या जवळ जातो, मागचा डाव्या कानाच्या, आणि प्रश्न सुटतो. रेकॉर्डिंगमध्ये ही सोय नाही. ऐकताना मान वळवली तर सगळा रंकाळाच तुमच्याबरोबर फिरतो. टिपताना मान वळवली तर ऐकणाऱ्याला गरगरतं. म्हणून टिपताना मान स्थिर ठेवा, आणि समोरचा आवाज महत्त्वाचा असेल तर थोडा तिरका धरून उभे राहा.

ऐकायला छिद्रात बसणारे इअरफोन मला जास्त पटले. रेकॉर्डिंगवर पाळीचा ठसा आधीच असतो. मोठा हेडफोन तोच आवाज पुन्हा तुमच्या पाळीतून नेतो आणि वरचे सूर दुसऱ्यांदा रंगतात. स्पीकरवर तर ऐकूच नका, डावा स्पीकर उजव्या कानालाही ऐकू जातो आणि दिशा विस्कटते. सगळा आवाज डोक्याच्या मधोमध आला तर फोनमधलं मोनो सेटिंग तपासा. खुल्या जागी वारा फार लागतो, फोमच्या टोप्या वेगळ्या घ्याव्या लागतात.

स्वतःसाठी टिपणार असाल तर ही जोडी डोळे झाकून विकत घ्या. दुसऱ्यांना ऐकवायचं असेल, तर बाजूंनी येणारे-जाणारे आवाज निवडा: मिरवणूक, गाड्या, पाऊस. समोर बसलेल्या एका माणसाची मुलाखत यावर करू नका.