४००० की ६५०० केल्विन?

सांगलीत विश्रामबागेतल्या वहिनींनी पाचवीतल्या लेकाच्या अभ्यासासाठी दोन दिवे समोर ठेवले. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप. एक ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र, दुसरा ४००० चा, किंचित पिवळसर. कोणता घ्यायचा?

उजेड दोघांचा सारखाच. वहीवर साधारण ५०० लक्स हवा. मोबाइलच्या अ‍ॅपवर अंदाजे ३०० दिसला, तेव्हा दिवा ५० सेंटीमीटरवरून ३५ वर आणला. उजेड दुपटीवर गेला. डोळे बहुतेकदा दमतात ते कमी उजेडानं, चकाकीनं आणि खोलीतला दिवा बंद ठेवल्यानं. रंगाचा त्यात वाटा थोडाच.

झोपेचं मात्र वेगळं. ६५०० मध्ये निळा अंश जास्त, रात्री झोप लागायला उशीर करू शकतो.

पहाटे किंवा दुपारी अभ्यास असेल तर ६५०० चालेल. वहिनींचा लेक बसतो जेवणानंतर, म्हणून ४०००.