एडिटिंगच्या नावाखाली माझा गप्प बसलेला वेळ कापला, आणि 16 हजार गेले

मी कोल्हापुरात राजारामपुरीत ब्लाउज शिवणकामाचे क्लास घेते, लॉकडाऊनपासून झूमवर पण चालू आहेत. कटोरी ब्लाउजच्या बॅचचं रेकॉर्डिंग होतं, दीड दीड तासाचे 12 क्लास, म्हणलं याचे छोटे छोटे व्हिडिओ करून घेऊया, बायकांना एवढं लांब बघायला वेळ कुठं असतो. ओळखीतून एक एडिटर मिळाला, शहरातलाच, नाव लिहीत नाही. 40 क्लिप, एका क्लिपचे 400 रुपये, निम्मे आधी.

पैसे द्यायच्या आधी त्यानं एक सॅम्पल दिलं, आणि खरं सांगते, झकास होतं. माझे "अं... अं..." गायब, आवाज साफ, खाली मराठीत ओळी. पण ते सॅम्पल त्यानं स्वतः निवडलं होतं, पहिल्या क्लासमधलं मापं कशी घ्यायची ते, तिथं मी नुसती बोलतच असते. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारी संध्याकाळी 7 ला सगळ्या फाईली दिल्या आणि मंगळवारी सकाळी 11 ला 40 क्लिप ड्राइव्हवर! मी खुश, चार-पाच क्लिपची सुरुवात बघितली, उरलेले 8 हजार लगेच पाठवले. आता हिशोब करा, 12 गुणिले दीड म्हणजे 18 तासांचं रेकॉर्डिंग आणि मधे वेळ 16 तासांचा, म्हणजे रात्रभर न झोपता नुसतं बघत बसला असता तरी बघून झालं नसतं, कापणं तर लांबच. हा हिशोब मी पैसे गेल्यावर केला.

इचलकरंजीच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला, "मॅडम, मुंढ्याचा आकार कुठं गेला ओ?" क्लिप लावली. मी म्हणतेय, "पुढच्या भागाला इथून जरा आत घ्यायचं आणि हात असा वळवायचा," आणि पुढच्या क्षणाला खडू एकदम खांद्याकडनं खाली काखेत! मधली गोलाई काढतानाची जवळजवळ 40 सेकंद गायब. मी गोलाई काढताना बोलत नाही, जीव मुठीत धरून खडू फिरवत असते, आणि शिकायचं तेच असतंय.

भाचा कॉम्प्युटरचं शिकतोय, त्याला बोलावलं. तो म्हणाला, "आत्या, यानं हातानं काही कापलेलंच नाही, शांतता शोधून कापणारं टूल लावलंय." ती टूल काय करतात तर आवाज एका पातळीच्या खाली अर्धा-एक सेकंद गेला की तेवढा तुकडा उडवतात. नुसतं बोलणाऱ्या लेक्चरला चालतं ते, पण हाताचं काम दाखवणाऱ्याला नाही, खडूचा आवाज असून असून किती असणार. भाच्यानं मूळ फाईलवर हे चालवलं:

```
ffmpeg -i class3.mp4 -af silencedetect=noise=-30dB:d=0.5 -f null -
```

यात फाईल कापली जात नाही, फक्त `silence_start` आणि `silence_end` असे सेकंद दाखवतं. ते क्लिपशी ताडून बघितले, जिथं जिथं खडू उडी मारत होता तिथं तिथं शांतता. आणि सगळ्यात हसू आलं ते मे महिन्यातल्या दोन क्लासचं, तेव्हा पंखा फुल्ल होता, त्याच्या घरघरीमुळं टूलला शांतता सापडलीच नाही, त्यामुळं मी अस्तर शोधायला आत गेले ते रिकामं टेबल तीन मिनिटं तसंच्या तसं क्लिपमधे! माणसानं एकदा बघितलं असतं तर राहिलं असतं का हे?

एडिटरला फोन केला तर म्हणे, "ताई, एडिटिंगची हीच पद्धत हाय, बदल पाहिजे तर क्लिपमागं 150 जादा." नंतर फोन उचलणंच बंद.

आता भाचा आणि मी मिळून करतोय. मी आधी क्लास बघत वहीत वेळ लिहिते, कुठनं कुठपर्यंत घ्यायचं, आणि पुढं शेरा. गोलाईला "गप्प आहे, कापू नको", बाजूच्या सरळ रेघेला "चौपट वेगानं पळव", बोलण्यातल्या अडखळण्याला "काढ". मुंढ्याचा तो भाग मूळ 11 मिनिटांचा, साडेपाचवर आला, 40 सेकंद पूर्ण ठेवून. तेवढ्या एका क्लिपला आमची दुपार गेली, तेव्हा 400 रुपयाला एक अशा 40 क्लिप एका रात्रीत कशा झाल्या ते कळलं.

कुणाला द्यायचंच असेल तर सॅम्पलचा तुकडा तुम्ही निवडा, आणि तो तुम्ही सगळ्यात जास्त गप्प असता तिथला द्या. आणि उरलेले पैसे क्लिपा शेवटपर्यंत बघितल्यावर, मूळ रेकॉर्डिंग शेजारी लावून. माझ्याकडं मूळ फाईली होत्या म्हणून निभावलं, त्या मी जागा होत नाही म्हणून लॅपटॉपवरनं काढून टाकणार होते, ह्यांनी नको म्हणून अडवलं.